बॅटरीचा लाल दिवा आणि मंद होणारे हेडलाइट

रात्री पासलीहून वेल्ह्याकडे निघालात, डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागला आणि हेडलाइट मंदावू लागले, तर दोष बहुधा बॅटरीचा नसतो. अल्टरनेटर चार्जिंग करत नाही आणि गाडी साठलेल्या विजेवर चालते आहे, असा त्याचा अर्थ.

आधी तापमानाचा काटा पाहा. अनेक गाड्यांत अल्टरनेटर आणि वॉटर पंप एकाच पट्ट्यावर फिरतात. पट्टा तुटला असेल तर इंजिन तापेल. काटा चढताच सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करा.

काटा स्थिर असेल तर एसी, ब्लोअर, म्युझिक, मोबाइल चार्जर बंद करा. हेडलाइट मात्र बंद करू नका. इंजिनही वाटेत बंद करू नका, पुन्हा सुरू होईलच असे नाही. हॅलोजन हेडलाइट सुमारे १० अँपिअर खेचतात, इंजिनची गरज वेगळी. ३५ अँपिअर-तासांची बॅटरी तासभरही पुरेल याची खात्री नाही. म्हणून पुणे गाठायचा हट्ट नको.

दिवे फारच मंदावले किंवा स्टिअरिंग जड झाले, तर वळण टाळून रस्त्याबाहेर थांबा. हॅझर्ड लावा, त्रिकोण मागे दूर ठेवा आणि गाडीपासून दूर उभे राहा.

गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून व्होल्टेज मोजा: साधारण १४ हवे, १२.५च्या खाली असेल तर चार्जिंग होत नाही.