दहा, चौदा आणि थांबण्याचा खर्च

गेममध्ये आपण पडद्यावर एका जागी बोट टेकवतो आणि सैनिक भिंती चुकवत बरोबर तिथे पोहोचतो. ही वाट अनेकदा ‘ए-स्टार’ पद्धतीने शोधलेली असते. पीटर हार्ट, निल्स निल्सन आणि बर्ट्रम राफेल यांनी ती १९६८ मध्ये मांडली, तेव्हा त्यांच्यासमोर शेकी नावाचा चाकांवर फिरणारा यंत्रमानव होता.

जमिनीची चौकोनी घरं पाडायची. प्रत्येक घरासाठी इथवर आलेला खर्च आणि इथून पुढचा अंदाज यांची बेरीज करायची. जिची बेरीज सर्वांत कमी, त्या घरापासून पुढे शोधायचं.

```
f = g + h
```

सरळ घराला १० आणि तिरक्या घराला १४ खर्च धरतात, कारण चौकोनाचा कर्ण बाजूच्या सुमारे १.४१ पट असतो. खरी मेख अंदाजात आहे. मुक्काम पाच घरं उजवीकडे आणि दोन घरं वर असेल, तर दोन तिरक्या चालींचे २८ आणि तीन सरळ चालींचे ३० मिळून ५८ होतात. तिरकी चाल विसरून सात सरळ घरं मोजली, तर अंदाज ७० येतो. अंदाज खऱ्या खर्चापेक्षा जास्त झाला, की चांगली वाट महाग वाटून मागे पडू शकते. सैनिक पोहोचतो, पण कधीकधी उगाच लांबून जातो. अशी वाट दिसली, की आधी अंदाजाचं सूत्र तपासावं.

आता हलणारा अडथळा घेऊ. सैनिक ० क्रमांकाच्या घरात आहे आणि त्याला त्याच ओळीतल्या ५ क्रमांकाच्या घरात जायचंय. ३ क्रमांकाच्या घरावर, तीन ओळी वर, एक गाडा आहे. तो दर चालीला एक घर खाली येतो. सुरुवातीला सैनिकाची ओळ मोकळी दिसते, म्हणून साधा ए-स्टार ५० खर्चाची सरळ वाट देतो. तिसऱ्या चालीला दोघे एकाच घरात!

उपाय असा, की घराला वेळही जोडायची. ‘तिसऱ्या चालीचं ३ क्रमांकाचं घर’ बंद, चौथ्या चालीचं उघडं. जागेवर थांबणं हीसुद्धा चालच. तिचा खर्च १०. मग थांबून गेलं तर ६० लागतात. आधीच तिरकं वरच्या ओळीत चढून, गाड्याच्या मागून जाऊन पुन्हा तिरकं उतरलं, तर १०, १४, १०, १० आणि १४, म्हणजे ५८. सैनिक न थांबता वळसा घेतो. बाजूला भिंती असत्या, तर तो थांबला असता.

हे सारं गाड्याची पुढची चाल ठाऊक असेल तरच जमतं. ती ठाऊक नसेल, तर काही पावलं टाकून वाट नव्याने शोधावी लागते. शिवाय वेळ जोडल्यावर तपासायची घरं झपाट्याने वाढतात, म्हणून पुढच्या मोजक्याच चालींपुरता हा हिशेब ठेवतात.

एक चूक मात्र हटकून राहते. समोरासमोर आलेले दोघे एकाच चालीत घरांची अदलाबदल करतात. कुठल्याही क्षणी ते एका घरात नसतात, त्यामुळे घरांची तपासणी त्यांना सोडून देते आणि पडद्यावर ते एकमेकांच्या आरपार जातात. ही अदलाबदल वेगळी तपासावीच लागते.