सोलापुरात डिझेल गोठत नाही

पौषाच्या पहाटे पारा बारा-तेरा अंशांवर उतरला की आमच्या सोलापुरात, विशेषतः पुणे आणि हैदराबाद रस्त्यांवरील मालवाहू गाड्यांच्या अड्ड्यांवर, एक निदान मोठ्या अधिकारवाणीने सांगितले जाते: सेल मारूनही इंजिन धरत नाही, तेव्हा डिझेल गोठले. या एका वाक्यापायी आधी फिल्टरचा हीटर, मग चारही नोझल बदलली जातात, मालकाच्या पदरी हजारोंचा भुर्दंड येतो आणि गाडी दुसऱ्या पहाटे पुन्हा तशीच अडते.

डिझेलमध्ये मेणासारखा अंश असतो, आणि तापमान पुरेसे उतरले की त्याचे स्फटिक होऊन ते फिल्टरच्या कागदावर साचतात, हे खरेच आहे. प्रश्न आहे तो 'पुरेसे' म्हणजे किती याचा. भारतीय मानक आय.एस. १४६० यात हिवाळी डिझेलने फिल्टर तुंबण्याची कमाल मर्यादा ६ अंश सेल्सियस आणि उन्हाळी डिझेलची १८ अंश ठरवून दिली आहे, आणि सोलापूरचा पारा दहाच्या खाली जाणे हीच मुळी क्वचितची गोष्ट. ऑक्टोबरात भरलेले उन्हाळी डिझेल टाकीत तसेच ठेवून महिनोन् महिने उभी राहिलेली गाडी एवढाच काय तो शंकेला वाव असलेला अपवाद; रोज धावणाऱ्या गाडीला तो लागू नाही.

फिल्टरच्या हीटरविषयीची समजूतही अशीच निराधार आहे. हा हीटर थर्मोस्टॅटच्या हुकमाने चालतो आणि बहुतेक गाड्यांत पाच अंशांच्या आसपास उतरल्यावरच जागा होतो. म्हणजे सोलापूरच्या पहाटे, तो धडधाकट असो वा जळालेला, त्याचे काम सुरूच होत नाही. त्याच्या दोषाची सूचना पडद्यावर आली, तर कनेक्टरमध्ये शिरलेले पाणी किंवा तुटलेली तार शोधावी. अडलेल्या इंजिनाचा गुन्हा त्याच्या माथी मारू नये.

हीटरची खरी परीक्षा पहाडात होते. समजा, सोलापुरी चादरींचा माल घेऊन निघालेल्या पिकअपने डिसेंबरात चंदीगडजवळ टाकी काठोकाठ भरली आणि २०२० साली खुल्या झालेल्या अटल बोगद्यातून लाहौलमध्ये जाऊन उणे आठ अंशांत रात्र काढली. सकाळी इंजिन सुरू होईल, कारण नळीत थोडे वाहते डिझेल शिल्लक असते. परंतु काही मिनिटांत जोर जाईल, ते बंद पडेल आणि यंत्रावर P0087, म्हणजे रेलमधील दाब कमी, हा संकेत येईल. हीटर फक्त फिल्टरपाशी ऊब देतो, टाकीतील जाळी आणि लांब नळी त्याच्या कक्षेबाहेर राहतात. म्हणून दुपारी उन्हात गाडी आपोआप सुरळीत झाली, तर दोष मेणाचा, नोझलचा नव्हे, असे निःशंक समजावे. याच अडचणीवर इंडियन ऑइलने २०१९ साली लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे हिवाळी डिझेल आणले. ते आपल्याकडील पंपांवर शोधण्याचे कारण नाही.

मग सोलापुरात गाडी अडते कशाने? सेल मारताना एक्झॉस्टकडे पाहावे. पांढरा धूर येत असेल, तर इंधन पोचते आहे पण पेट घेत नाही, म्हणून ग्लो प्लग तपासावेत. यांनाही 'हीटर' म्हणण्याची चाल असल्यामुळेच फिल्टरचा हीटर नाहक बदलला जातो. धूर मुळीच नसेल, तर फिल्टरमधील पाणी काढावे आणि रात्रभरात नळीत हवा शिरते का ते पाहावे: हातपंप मारल्याबरोबर इंजिन धरले, तर कुठेतरी सील गळते आहे, आणि तीच तक्रार वैशाखातही येईल. सेलचा आवाजच मंद असेल आणि बारा व्होल्टची बॅटरी सेल मारताना साडेनऊच्या खाली जात असेल, तर इंधनाला दोष देण्याचे प्रयोजनच उरत नाही.

नोझलच्या संकेताबद्दलही थोडे. P0201 ते P0204 हे संकेत विद्युत मंडलाचे आहेत. नोझल कचऱ्याने बंद झाल्याचा तो दाखला नव्हे, तेव्हा आधी तार आणि प्लग पाहावा. नोझल खरोखर झिजले आहे का, हे प्रत्येकाच्या परतीच्या नळीला बाटली लावून, कोणाचे डिझेल जास्त परत येते ते मोजल्यावर कळते, आणि असा दोष सहसा थंड इंजिनापेक्षा गरम इंजिनात अधिक जाचतो.

डिझेलमध्ये रॉकेल मिसळण्याचा सल्ला तर सरळ घातक आहे: आजच्या उच्च दाबाच्या पंपाला वंगण डिझेलचेच असते, रॉकेलमुळे ते घटते आणि पंपाचा चुरा सर्व नोझलांत उतरतो. मेण रोखणारे औषधही स्फटिक बनण्यापूर्वीच, उबदार इंधनात मिसळावे लागते. गोठल्यावर ओतलेले व्यर्थ.

मिस्त्रीने नोझल बदलण्याचे सांगितले, तर मालकाने आधी बाटल्यांची तपासणी आपल्या डोळ्यांसमोर करून घ्यावी आणि ती झाल्यावाचून संमती देऊ नये.