उत्तर उताऱ्यात लिहिलेले नसते तेव्हा

‘लोमट्याने झुंबुरावर बसून तीन पिडुके गिमटली.’ या वाक्याला काहीही अर्थ नाही, तरी त्यावर प्रश्न काढता येतात आणि मुले त्यांची बिनचूक उत्तरे देतात. लोमट्याने किती पिडुके गिमटली? तीन. कुठे बसून? झुंबुरावर. लोमट्या म्हणजे कोण, गिमटणे म्हणजे काय, यातले काही कळण्याची गरज पडत नाही. प्रश्नातले शब्द वाक्यात शोधायचे आणि शेजारचा शब्द उचलून लिहायचा, एवढ्यावर पैकीच्या पैकी गुण मिळतात. भाषेच्या तासाला उताऱ्यावर विचारले जाणारे कितीतरी प्रश्न याच जातीचे असतात. ‘कोण कोणास म्हणाले’, ‘चौकटी पूर्ण करा’, ‘जोड्या लावा’ ही त्यांची ओळखीची रूपे. त्यांतून मुलाला मजकुरात माहिती सापडते की नाही ते कळते, पण मजकूर समजला की नाही ते कळत नाही.

अनुमानाचा प्रश्न वेगळा असतो. त्याचे उत्तर उताऱ्यात लिहिलेले नसते, पण त्या उत्तरापर्यंत नेणाऱ्या खुणा उताऱ्यातच असतात. टॅफी राफेल या अमेरिकी अभ्यासिकेने 1980 च्या दशकात प्रश्नांची जी विभागणी मांडली, तिचा आधार उत्तर कुठे सापडते हाच आहे. काही उत्तरे एकाच वाक्यात असतात, काही दोन-तीन ठिकाणचे तुकडे जोडून मिळतात, काही लेखकाने दिलेल्या खुणा आणि वाचकाची समज यांच्या मेळातून तयार होतात, आणि काही उतारा न वाचताही देता येतात. भाषाशिक्षकाला सर्वांत उपयोगी पण लिहायला सर्वांत अवघड असा यातला तिसरा प्रकार. चौथीच्या मुलांचे वाचन तपासणाऱ्या ‘पर्ल्स’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत थेट माहिती शोधण्याला साधारण 20 टक्के वाटा असतो. बाकी भार सरळ अनुमान, अर्थ लावणे आणि मजकुराचे मूल्यमापन यांवर असतो.

असा प्रश्न कसा तयार होतो ते एका छोट्या उताऱ्यावरून पाहता येईल.

‘एसटी फाट्यावर थांबली तेव्हा ऊन कलले होते. सुमन उतरली. पिशवी खांद्याला लावताना आतला डबा तिला सकाळइतकाच जड लागला. समोरच्या टपरीवाल्याने तिला पाहून न विचारताच दोन कप मांडले. तिच्यामागे गाडीतून कोणी उतरले नाही, तसा त्याने एक कप उचलून परत ठेवला. “आजही एकट्याच?” त्याने विचारले. “डॉक्टर म्हणतात, अजून चार दिवस तरी.” चहा पिऊन सुमनने पैसे पुढे केले. त्याने नुसती मान हलवली आणि पैसे घेतले नाहीत.’

प्रश्न काढायला बसलेला माणूस बहुधा पहिल्या वाक्यापासून सुरुवात करतो: एसटी कुठे थांबली, टपरीवाल्याने किती कप मांडले, डॉक्टरांनी किती दिवस सांगितले. ही लोमट्याचीच वाट. अनुमानाच्या प्रश्नासाठी उलट दिशेने जावे लागते. आधी उताऱ्याने काय सांगितलेले नाही पण वाचकाला कळले आहे, त्याची टिपणे करायची. इथे दवाखान्याचा उल्लेख कुठेही नाही, आजारी माणसाचा नाही, टपरीवाल्याची सुमनशी जुनी ओळख असल्याचाही नाही. तरी नीट वाचणाऱ्याला हे तिन्ही कळते. म्हणजे उत्तरे आधी हाती आली. आता प्रत्येक उत्तराखाली ते ज्यांवरून कळले त्या खुणा लिहायच्या. ‘सुमन दवाखान्यातून परतते आहे’ याखाली डॉक्टरांचा उल्लेख, सकाळी नेलेला डबा आणि संध्याकाळची परतीची गाडी अशा तीन खुणा येतात. ‘जुनी ओळख आहे’ याखाली न विचारता मांडलेले कप आणि न घेतलेले पैसे. ज्या उत्तराखाली एकही खूण लिहिता येत नाही, ते प्रश्न काढणाऱ्याच्या मनातले असते, उताऱ्यातले नसते.

इथेच सर्वांत जास्त चुका होतात. याच उताऱ्यावर ‘सुमनच्या नवऱ्याच्या प्रकृतीबद्दल काय कळते?’ असा प्रश्न सहज लिहिला जाईल. पण उताऱ्यात नवरा आहेच कुठे? दवाखान्यात सासू असेल, बहीण असेल, मुलगा असेल. शिक्षकाने स्वतः एक पाऊल जास्त टाकले आणि ते प्रश्नात गृहीत धरले. मुले हे निमूट स्वीकारतात आणि पुढच्या उत्तरांतही नवराच लिहितात. उत्तरसूचीत ‘नवरा’ असेल आणि एखाद्या मुलीने ‘घरातले कोणीतरी’ असे लिहिले असेल, तर बरोबर वाचणारीचाच गुण कापला जातो.

खुणा मिळाल्या की प्रश्नाचे शब्द जपून निवडावे लागतात, कारण प्रश्नच उत्तर फोडू शकतो. ‘सुमनला दुःख झाले होते हे कशावरून कळते?’ या प्रश्नाने अनुमान करून दिलेलेच आहे. मुलाला फक्त पुरावा शोधायचा उरतो. तोही उपयोगी व्यायाम आहे, पण तो अनुमानाचा नव्हे. ‘टपरीवाल्याने एक कप उचलून परत का ठेवला?’ हा प्रश्न घटनेपाशी थांबतो आणि अर्थ मुलावर सोडतो. मात्र ‘का’ आला की अनुमान आले असेही नाही. उताऱ्यात ‘सोबतचे माणूस आले नाही म्हणून त्याने कप उचलला’ असे वाक्य असते, तर हाच प्रश्न शब्दाला शब्द तसाच राहून नुसता शोधण्याचा झाला असता. ‘कारणे लिहा’ या शीर्षकाखालचे निम्मे प्रश्न असेच निघतात. प्रश्नाची जात उतारा ठरवतो, प्रश्नार्थक शब्द नव्हे.

मराठीत अनुमानाच्या खुणा बऱ्याचदा अगदी छोट्या शब्दांत दडलेल्या असतात. ‘आजही’ यातल्या ‘ही’वरून कळते की सुमन याआधीही एकटीच परतली होती. ‘चार दिवस तरी’ यातला ‘तरी’ सांगतो की चार दिवस ही कमीत कमी मुदत आहे. खात्री कोणालाच नाही. ‘एकटीच’ऐवजी ‘एकट्याच’ असे आदरार्थी रूप आले आहे, त्यामुळे ओळख असली तरी बोलणे घरगुती सलगीचे नाही. ‘“तरी” हा शब्द काढून टाकला तर टपरीवाल्याला कोणती गोष्ट कळली नसती?’ हा प्रश्न पाचवी-सहावीच्या मुलालाही झेपतो, आणि त्याचे उत्तर उताऱ्यातून उचलून लिहिता येत नाही. व्याकरणाच्या तासाला ‘तरी’ हे अव्यय म्हणून पाठ करून घेतले जाते. त्याचे खरे काम असे एखाद्या वाक्यात दिसते.

बहुपर्यायी प्रश्न करायचा तर चुकीचे पर्याय आपोआप सुचत नाहीत, ते घडवावे लागतात. कपाच्याच प्रश्नाला हे चार पर्याय देता येतील: सुमनने एकच चहा मागितला, टपरीवाल्याला वाटले होते ते माणूस सुमनसोबत आले नाही, सुमनकडे दोन चहांचे पैसे नव्हते, टपरी बंद करायची वेळ झाली होती. पहिला पर्याय ‘न विचारताच’ हे शब्द सुटलेल्या मुलाला पकडतो. तिसरा, शेवटी पैसे घेतले नाहीत एवढेच लक्षात राहिलेल्याला ओढतो. चौथा, ‘ऊन कलले होते’वरून घाईने निष्कर्ष काढणाऱ्यासाठी आहे. अशा रचनेत मुलाची चूकही काहीतरी सांगते. ‘टपरीवाल्याला चहा आवडत नव्हता’ असला पर्याय कोणीच निवडत नाही, म्हणून तो नुसती जागा अडवतो. बरोबर पर्याय बाकीच्यांपेक्षा लांब आणि जास्त काळजीपूर्वक लिहिलेला असणे ही शिक्षकांची नेहमीची सवय. मुले ती लवकर हेरतात.

प्रश्न तयार झाला की उतारा झाकून तो दुसऱ्या कोणाला विचारावा. ‘आजारी माणसाची काळजी कशी घ्यावी?’ याचे उत्तर कोणीही देईल. तो स्वमताचा प्रश्न आहे. कृतिपत्रिकेत स्वमताला स्वतंत्र जागा आहेच, पण आकलनाच्या नावाखाली तो घालू नये, कारण चांगले बोलणारे मूल उतारा न वाचताही त्यात गुण मिळवते. बहुपर्यायी प्रश्नाला तर ही कसोटी लावायलाच हवी. झाकलेल्या उताऱ्यावर बहुतेकांनी बरोबर पर्याय निवडला, तर प्रश्न कामाचा नाही.

अनुमानाला बाहेरची माहितीही लागते, आणि ती सगळ्या मुलांकडे सारखी नसते. दवाखान्यातल्या माणसासाठी घरून डबा न्यायचा असतो, हे गावातल्या मुलाला सांगावे लागत नाही. अमेरिकेतल्या मराठी शाळेत रविवारी येणाऱ्या मुलाला किंवा मराठी दुसरी भाषा म्हणून शिकणाऱ्याला ते माहीत असेलच असे नाही. त्याचे उत्तर चुकले तर वाचन कमी पडले की रिवाज ठाऊक नव्हता, हे कळायला मार्ग राहत नाही. अशा वर्गासाठी ‘कोणासाठी तरी सकाळी भरून नेलेला डबा’ एवढी भर उताऱ्यात घातली तरी पुरते.

चूक नेमकी कुठे झाली हे ओळखायला साधे स्मरणाचे प्रश्नच उपयोगी पडतात. ‘टपरीवाल्याने आधी किती कप मांडले?’ हा प्रश्न आधी आणि ‘एक कप परत का ठेवला?’ हा नंतर ठेवला, की दोन उत्तरे शेजारी शेजारी वाचता येतात. पहिलेही चुकले असेल तर वाक्यच कळलेले नाही, मग शब्दांकडे वळायला हवे. पहिले बरोबर आणि दुसरे चूक असेल तर खूण दिसली पण जोडता आली नाही. या दोन्ही मुलांना पुढच्या तासाला वेगवेगळे काम द्यावे लागते.

राहिली तपासणी. ‘डबा सकाळइतकाच जड होता, यावरून काय कळते? उताऱ्याच्या आधारे लिहा’ या दोन गुणांच्या प्रश्नात एक गुण अनुमानाला आणि एक आधाराला ठेवावा. आजारी माणसाने काही खाल्ले नाही, असे बहुतेक मुले लिहितील. एखादा लिहील की सुमनला आत भेटूच दिले नाही, म्हणून डबा तसाच परत आला. उतारा या उत्तराच्या आड येत नाही, आणि ‘डॉक्टर म्हणतात, अजून चार दिवस तरी’ हे वाक्य त्यालाही आधार देते. असे उत्तर सूचीत नसेल तर ते सूचीत घालावे, आणि आधी तपासलेल्या वह्या पुन्हा एकदा उघडाव्यात.