मुलीची तपासणी, रक्त तिघांचं

समजा, विरारच्या एका मुलीला सहाव्या महिन्यापासून ताप आला की लांबलचक झटके येतात. एमआरआय निर्दोष, घराण्यात असा आजार कुणाला नाही. परळचं केईएम रुग्णालय दुर्मीळ आजारांच्या राष्ट्रीय धोरणातलं केंद्र आहे. अशा ठिकाणी डॉक्टर एक्झोम तपासणीसाठी मुलीबरोबर आईवडिलांचंही रक्त मागतात.

एक्झोम म्हणजे जनुकांचा प्रथिनं घडवणारा भाग, डीएनएचा जेमतेम दीड टक्का. तरी एकट्या मुलीत तिथे २०,०००हून अधिक फरक निघतात. आईवडिलांकडून आलेले वगळले, की नवे उरतात एखाद-दोनच. त्यातला घातक बदल एससीएन१ए जनुकात निघाला आणि लक्षणांशी जुळला, तर ड्रॅव्हे सिंड्रोमचं निदान होतं. मग कार्बामॅझेपिनसारखी, झटके वाढवू शकणारी औषधं टाळता येतात.

पण बदल ‘नवा’ ठरवताना जपावं लागतं. वडिलांच्या नमुन्यात ती जागा आठच वेळा वाचली गेली असेल, तर बदल निसटलेला असू शकतो. १०० वाचनांत सहा वेळा दिसला, तर तो त्यांच्या काही पेशींतच असावा. अशा वेळी पुढच्या बाळाला धोका साधारण १ टक्का, हे नेहमीचं उत्तर चालत नाही. तो बराच जास्त असू शकतो. नेहमीच्या सँगर पडताळणीत इतका पुसट बदल सहसा दिसत नाही, म्हणून ती जागा हजारो वेळा वाचून घ्यावी.