साडेसात मिनिटांचं संगीत मागताना

समजा, पुण्यातला एक तरुण एकट्याने कोड्यांचा व्हिडिओ गेम बनवतोय. चित्रं आणि प्रोग्रॅमिंग त्याचंच, संगीत मात्र बाहेरून घ्यायचंय. तो एका फ्रीलान्स संगीतकाराला लिहितो, ‘गेमसाठी छान, शांत म्युझिक हवंय. किती घ्याल?’ याला उत्तर काय द्यायचं? असा दर बहुतेक वेळा तयार संगीताच्या मिनिटांवर ठरतो, आणि मिनिटांचा तर पत्ताच नाही.

त्याऐवजी त्याने असं लिहावं: ‘मुख्य पडद्यासाठी दीड मिनिट, तीन टप्प्यांसाठी दोन-दोन मिनिटांचे लूप आणि जिंकल्यावर वाजणारी ५ सेकंदांची धून. बजेट ४०,००० रुपये, त्यात दोन वेळा दुरुस्ती.’ म्हणजे साधारण साडेसात मिनिटं, मिनिटाला पाच हजारांच्या वर. आकडा समोर आला की वादक बोलवायचे की सगळं कॉम्प्युटरवरच करायचं, हे संगीतकार लगेच ठरवू शकतो.

लूपबद्दल एक वाक्य जास्त लिहावंच. खेळाडू एखाद्या कोड्यावर अर्धा तास अडकला, तर तीच दोन मिनिटं पंधरा वेळा फिरतात. शेवटच्या सुराचा घुमारा पुन्हा सुरू होणाऱ्या संगीतात मुरला नाही, तर दर वेळी सांधा कानाला खटकतो. एमपी३ फाइलच्या टोकांना अनेकदा किंचित शांतता चिकटते, म्हणून WAV फाइल मागावी आणि ती गेममध्येच फिरवून ऐकावी.

खरी गफलत होते ती हक्कांत. ‘पैसे दिले, आता संगीत माझं’ एवढ्यावर विसंबणं धोक्याचं आहे. १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्कांचं हस्तांतर लेखी आणि सहीनिशी लागतं. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर हक्क भारतापुरता. वापराच्या परवान्यालाही हेच लागू होतं. गेम मात्र पहिल्याच दिवसापासून जगभर विकायला असतो आणि दहा वर्षांनीही विकला जाऊ शकतो. म्हणून निरोप पटला की छोटा करार करून त्यात ‘जगभर, कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी, गेम आणि त्याच्या जाहिरातींत’ हे शब्द घालावेत.

सगळे हक्क विकत घेण्याचा हट्ट मला या बजेटमध्ये अन्यायाचा वाटतो. कॉपीराइट संगीतकाराकडे राहू द्यावा, दुसऱ्या गेमला तेच संगीत न देण्याची अट घालावी आणि अल्बम काढायची मोकळीक त्याला द्यावी. फक्त तो अल्बम यूट्यूबच्या कंटेंट आयडीमध्ये नोंदवायचा नाही, हे आधीच ठरवावं. नाहीतर गेम खेळतानाचे व्हिडिओ टाकणाऱ्यांवर हक्कांचे दावे लागतात, त्यांची जाहिरातींची कमाई अडकते आणि ते त्या गेमचे व्हिडिओ करणंच थांबवतात.