३२ जीबीचा पेनड्राइव्ह २९.८ का दाखवतो?

बीडमध्ये लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ ठेवायला कोणी ३२ जीबीचा पेनड्राइव्ह आणला आणि संगणकाला लावला, तर विंडोजमध्ये जेमतेम २९.८ जीबी दिसते. दुकानदाराने फसवले असे वाटते, पण बहुतेक वेळा त्याचा दोष नसतो. कंपनी एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते. विंडोज १,०२४ च्या पटीत मोजते, त्यामुळे तिची एक जीबी सुमारे १०७ कोटी ३७ लाख बाइटची होते. ज्वारी तेवढीच, पण माप मोठे घेतले की मापे कमी भरतात.

खरा घोळ अंदाज करताना होतो. मोबाइलवर फुल एचडी चित्रीकरणाला मिनिटाला साधारण १३० एमबी धरले, तर तीन तासांचे २३.४ जीबी होतात. चार एमबीचे १,८०० फोटो म्हणजे आणखी ७.२. एकूण ३०.६ जीबी. हा आकडा २९.८ शी ताडला की जागा अपुरी वाटते. पण हा हिशेब हजाराच्या पटीतला आहे, म्हणून तो ३२ शीच ताडायचा. विंडोजमध्ये हाच मजकूर सुमारे २८.५ जीबी दिसेल आणि पेनड्राइव्हवर मावेल.

फोर-के चित्रीकरण मात्र मिनिटाला ३५० एमबीपर्यंत खाते. तेवढ्याच तीन तासांना मग ६३ जीबी लागतात.

जागा असूनही एखादा मोठा व्हिडिओ कॉपी होत नसेल, तर पेनड्राइव्हचे फॉरमॅट पाहावे. FAT32 असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल त्यावर जात नाही; आतला मजकूर दुसरीकडे ठेवून exFAT करून घ्यावे.