हेन्री हबच्या चार्टमधली दरी

27 जानेवारी 2022. न्यूयॉर्कच्या नायमेक्स बाजारात नैसर्गिक वायूच्या फेब्रुवारी वायद्याचा तो शेवटचा दिवस होता. आदल्या दिवशीचा बंद भाव दहा लाख ब्रिटिश थर्मल युनिटला 4.28 डॉलरच्या आसपास होता. सौदे संपायला जेमतेम अर्धा तास उरला असताना भाव उसळला, सात डॉलरच्या पुढे गेला आणि 6.27 डॉलरवर स्थिरावला. एका दिवसात सुमारे 46 टक्के! 1990 मध्ये हा वायदा सुरू झाल्यापासून टक्केवारीत एवढी मोठी एकदिवसीय वाढ झालेली नव्हती.

दुसऱ्या दिवशीचा सलग चार्ट उघडला, तर त्याहून मोठे आश्चर्य दिसते. भाव थेट साडेचारच्या आसपास कोसळलेला आणि मध्ये रिकामी दरी. प्रत्यक्षात त्या दिवशी वायू स्वस्त झालाच नव्हता. सलग चार्ट एकेका महिन्याचे वायदे जोडून बनतो. फेब्रुवारी संपला आणि चार्ट मार्चवर गेला. मार्चचा भाव गुरुवारी 4.28 च्या आसपास होता, तो शुक्रवारी 4.64 पर्यंत उलट चढलाच. पडझडीसारखी दिसणारी ती रेघ म्हणजे दोन वेगळ्या मालांमधला सांधा होता.

वेगळे माल म्हणायचे कारण वायूच्या स्वभावात आहे. फेब्रुवारीचा वायदा विकून तो मुदत संपेपर्यंत न मिटवणाऱ्याला त्या महिन्यात लुइझियानातल्या हेन्री हब इथे पाइपलाइनमधून वायू द्यावाच लागतो. अमेरिकेत एप्रिल ते ऑक्टोबर वायू जमिनीखाली साठवतात आणि थंडीत काढतात. पण साठ्यातून दिवसाला किती काढता येईल याला मर्यादा आहे, आणि मार्चमधला वायू फेब्रुवारीत आणण्याची तर सोयच नाही. त्या दिवशी ईशान्येकडे हिमवादळ येऊ घातले होते. विकून बसलेले शेवटच्या क्षणी खरेदीला धावले आणि समोर विक्रेते मोजके होते, असाच अर्थ बाजाराने त्या उसळीचा लावला.

मक्यातही हेच घडते. 2012 च्या दुष्काळानंतर 2013 च्या उन्हाळ्यात जुन्या पिकाचा जुलै वायदा बुशेलला सात डॉलरच्या आसपास, तर नव्या पिकाचा डिसेंबर पाचच्या आसपास होता. इथे सांधा पडतो तो हंगामाच्या टोकाला.

म्हणून दरी दिसली की आधी तारीख पाहावी. नायमेक्सवर वायूचा वायदा महिना सुरू होण्यापूर्वी तीन कामाचे दिवस आधी संपतो. मग नव्या महिन्याचा स्वतंत्र चार्ट उघडावा. तिथे दरी नसेल, तर ती जोडणीची. तिथेही असेल, तर हवामानाचा अंदाज बदलला का, गुरुवारचा सरकारी साठा-अहवाल अपेक्षेपेक्षा वेगळा आला का, हे शोधावे. काही चार्ट जुने भाव सरकवून सांधे बुजवतात. दरी मिटते, पण त्यातल्या जुन्या पातळ्यांवर कधी सौदाच झालेला नसतो. अशा पातळीला आधार मानून सौदा करणे धोक्याचे, आणि मुंबईच्या एमसीएक्सवरचा वायूही हेन्री हबच्या भावामागेच चालत असल्याने हा धोका इथेही तेवढाच आहे.